‘फरक सिद्ध झाला नाही’ म्हणजे ‘फरक नाही’ असे नव्हे: पी-व्हॅल्यू आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल नीट कसे वाचावे?

नवीन औषधाची बातमी आली की रुग्णाचे नातेवाईक मोबाइलवर एखादा शोधनिबंध उघडून दाखवतात आणि विचारतात, “डॉक्टर, यात पी ०.००१ लिहिलंय, म्हणजे औषध ९९.९ टक्के खात्रीचं ना?” दुसरीकडे, घरात कोणी एमबीबीएस, नर्सिंग, फार्मसी किंवा फिजिओथेरपीला असेल तर त्यांच्या पेपरात हाच विषय दोन-पाच मार्कांसाठी येतो. गंमत अशी की नातेवाईक बोलताना जे चुकीचे वाक्य बोलतात, जवळपास तेच वाक्य विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात. पेपरात त्याचे मार्क जातात. घरी मात्र त्याच वाक्यामुळे नको ते औषध पोटात जाऊ शकते.

म्हणून हा विषय सूत्रांपासून सुरू न करता आपण एका खऱ्या चाचणीवरून समजून घेऊ. कोविडच्या काळात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे नाव तुम्ही नक्की ऐकले असेल. त्याचा निर्णय ज्या चाचणीने लावला, तिच्यातच या दोन्ही आकड्यांचे बहुतेक सगळे धडे आहेत.

चाचणी काय होती?

ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये ‘रिकव्हरी’ नावाची मोठी चाचणी सुरू झाली. कोविडमुळे हॉस्पिटलमध्ये दाखल झालेल्या रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले. २१०४ रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस देण्यात आले. ४३२१ रुग्णांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले. अठ्ठावीस दिवसांत किती जण दगावले, हे मोजायचे होते.

औषधाच्या गटात ४८२ जण दगावले, म्हणजे २२.९ टक्के. दुसऱ्या गटात १११०, म्हणजे २५.७ टक्के. योगायोगाने औषधाच्या गटातले रुग्ण सरासरी सुमारे एक वर्षाने मोठे होते. वयाचा कोविडच्या मृत्यूशी जवळचा संबंध असल्यामुळे संशोधकांनी वयाचा हिशोब जमेस धरून दोन गटांतल्या मृत्युदराचे गुणोत्तर काढले. ते आले ०.८३. गुणोत्तर १ आले असते तर दोन्ही गट सारखे. ०.८३ म्हणजे औषधाच्या गटात मृत्यूचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी कमी. या आकड्याच्या शेजारी दोन गोष्टी छापलेल्या होत्या: ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.७५ ते ०.९३, आणि पी-व्हॅल्यू ०.००१ पेक्षा कमी.

आता या दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहू.

पी-व्हॅल्यू कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते?

पी-व्हॅल्यू काढताना संशोधक आधी एक गृहीत धरतात: औषधाचा काहीच परिणाम नाही. याला नल हायपोथिसिस म्हणतात. मग प्रश्न विचारतात, “हे गृहीत खरे असेल, तर केवळ रुग्णांच्या वाटणीतल्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती?” त्या शक्यतेचा आकडा म्हणजे पी-व्हॅल्यू. रिकव्हरी चाचणीत ती हजारात एकाहून कमी होती. म्हणजे औषध निरुपयोगी असते, तर असा निकाल क्वचितच दिसला असता.

इथे ‘तर’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक तो गाळतात आणि वाक्य उलटे करतात: “औषध निरुपयोगी असण्याची शक्यता हजारात एक.” ही दोन वाक्ये सारखी वाटतात, पण सारखी नाहीत. पावसाळ्यातले उदाहरण घ्या. डेंग्यूची लक्षणे दिसणाऱ्या जवळपास प्रत्येकाला ताप असतो. म्हणजे डेंग्यू असेल तर ताप असण्याची शक्यता खूप मोठी. पण माझ्या दवाखान्यात ताप घेऊन आलेल्या प्रत्येकाला डेंग्यू नसतो. बहुतेकांना साधा व्हायरल ताप असतो. “डेंग्यू असेल तर ताप” आणि “ताप असेल तर डेंग्यू” यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच “परिणाम नसेल तर असा निकाल” आणि “असा निकाल आला म्हणून परिणाम नसण्याची शक्यता” यांत आहे.

ताप असलेल्याला डेंग्यू असण्याची शक्यता सांगायची तर आजूबाजूला डेंग्यूची साथ आहे का, हेही माहीत असावे लागते. तसेच एखादे औषध खरोखर चालण्याची शक्यता सांगायची तर त्याबद्दल आधीपासून काय माहीत होते, तेही विचारात घ्यावे लागते. पी-व्हॅल्यूला यातले काही माहीत नसते. म्हणूनच “पी ०.०३, म्हणजे निकाल योगायोगाचा असण्याची शक्यता ३ टक्के” हे वाक्य चूक आहे. पी-व्हॅल्यू काढताना ‘सगळा फरक योगायोगाचाच’ हे आधीच मान्य केलेले असते. जे मान्य करून सुरुवात केली, त्याचीच शक्यता तोच आकडा सांगू शकत नाही.

दुसरा घोटाळा म्हणजे पी लहान, तर औषध जोरदार असे समजणे. पी-व्हॅल्यू दोन गोष्टींमुळे लहान होते: परिणाम मोठा असल्यामुळे किंवा रुग्णसंख्या मोठी असल्यामुळे. नुसत्या पी-व्हॅल्यूकडे पाहून यातले कोणते कारण आहे ते कळत नाही. रिकव्हरीतच पाहा. सगळे रुग्ण एकत्र धरले तर फायदा शंभरात सुमारे तीन जीव वाचण्याचा होता. फक्त व्हेंटिलेटरवरचे रुग्ण धरले तर तो शंभरात सुमारे बारा होता. दोन्हीकडे पी ०.००१ पेक्षा कमी. ज्याचा माणूस व्हेंटिलेटरवर आहे त्याच्यासाठी तीन आणि बारा यांत केवढा फरक आहे! पी-व्हॅल्यूत तो दिसतच नाही.

कॉन्फिडन्स इंटरव्हल: अंदाजाभोवतीचा पट्टा

कॉन्फिडन्स इंटरव्हल आपल्याला ‘किती’ आणि ‘किती नेमके’ या दोन्हींची कल्पना देतो. तो कसा निघतो हे एकदा पाहिले की मनातली भीती जाते, म्हणून व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा साधा हिशोब करू. आकडेमोड नको असेल तर पुढचा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

औषध मिळालेल्या ३२४ पैकी ९५ दगावले (२९.३ टक्के), न मिळालेल्या ६८३ पैकी २८३ (४१.४ टक्के). फरक १२.१. आता प्रत्येक गटात दगावलेल्यांचा अंश आणि वाचलेल्यांचा अंश यांचा गुणाकार करून त्याला त्या गटातल्या रुग्णसंख्येने भागायचे. पहिल्या गटात ०.२९३ गुणिले ०.७०७ भागिले ३२४, उत्तर ०.०००६४. दुसऱ्या गटात ०.४१४ गुणिले ०.५८६ भागिले ६८३, उत्तर ०.०००३६. बेरीज ०.००१. तिचे वर्गमूळ सुमारे ०.०३२. याला स्टँडर्ड एरर म्हणतात, म्हणजे अशीच चाचणी पुन्हा पुन्हा केली तर फरकाचा आकडा साधारण किती इकडेतिकडे हलेल त्याचे माप. त्याला १.९६ ने गुणले की ०.०६२, म्हणजे ६.२ टक्के. म्हणून पट्टा १२.१ वजा ६.२ पासून १२.१ अधिक ६.२ पर्यंत, म्हणजे साधारण ६ ते १८.

याचा अर्थ साध्या भाषेत सांगायचा तर, या आकडेवारीशी जुळणारे उत्तर ‘शंभर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमागे साधारण सहा ते अठरा जास्त जीव वाचतात’ असे आहे, आणि सगळ्यात चांगले जुळणारे उत्तर बाराच्या आसपास आहे. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना फायदाच आहे. अगदी कमीत कमी सहा धरला तरी एवढ्या स्वस्त औषधासाठी ही मोठी गोष्ट आहे. (वयाचा हिशोब धरून संशोधकांनी दिलेले गुणोत्तर ०.६४, आणि पट्टा ०.५१ ते ०.८१. निष्कर्ष तोच.)

हिशोबात रुग्णसंख्येने भागाकार आहे, हे लक्षात ठेवा. रुग्ण वाढले की पट्टा अरुंद होतो, कमी झाले की पसरतो. छोट्या चाचणीचा पट्टा रुंद असणे म्हणजे तिला मोठ्या ठामपणे काही सांगता येत नाही, असे ती स्वतःच कबूल करत असते.

मग ‘९५ टक्के’ कशाचे?

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. विद्यार्थी लिहितात, “खरे उत्तर या पट्ट्यात असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.” ऐकायला बरोबर वाटते, पण व्याख्या म्हणून ते चूक आहे.

जत्रेतला रिंग फेकण्याचा खेळ आठवा. बाटली जागची हलत नाही. प्रत्येक फेकीला रिंग वेगळ्या जागी पडते. समजा, एखाद्याचा हात इतका बसला आहे की त्याच्या शंभरपैकी साधारण पंच्याण्णव रिंगा बाटलीत जातात. ‘९५ टक्के’ हा त्याच्या हाताचा गुण आहे. रिंग पडल्यानंतर ती बाटलीत गेली आहे किंवा नाही, एवढेच उरते. औषधाचा खरा परिणाम ही ती बाटली. प्रत्येक चाचणी म्हणजे एक फेक, आणि तिचा पट्टा म्हणजे रिंग. आपली अडचण एवढीच की बाटली आपल्याला दिसत नाही. म्हणून योग्य वाक्य असे: “हीच चाचणी त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा केली आणि दर वेळी असा पट्टा काढला, तर त्यांपैकी सुमारे ९५ टक्के पट्ट्यांत खरे मूल्य सापडेल.” पंच्याण्णव टक्के भरवसा पद्धतीचा असतो, हातातल्या एका पट्ट्याचा नसतो. ही कल्पना १९३० च्या दशकात जर्झी नेमन यांनी मांडली तेव्हापासून तिचा अर्थ हाच आहे.

रुग्ण म्हणून हा भेद तुम्हाला फार बारीक वाटेल, आणि खरे सांगायचे तर बातमी वाचताना ‘पट्ट्यातली मूल्ये माहितीशी जुळतात’ एवढे समजले तरी पुरते. पण दुसरी एक गल्लत रुग्णांकडूनच जास्त होते आणि ती महागात पडते: “९५ टक्के रुग्णांना एवढा फायदा होईल” असे समजणे. तुमच्या रक्ताच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनच्या पुढे ‘नॉर्मल रेंज’ छापलेली असते. ती बहुधा ९५ टक्के निरोगी माणसांचे आकडे जिथे पडतात अशी मर्यादा असते. ती माणसांबद्दल असते. कॉन्फिडन्स इंटरव्हल माणसांबद्दल नसतो, तो संपूर्ण गटाच्या सरासरी परिणामाबद्दल असतो. ०.७५ ते ०.९३ या पट्ट्यावरून तुमच्या वडिलांना वैयक्तिक किती फायदा होईल ते कळत नाही. त्यांच्यासारख्या अनेकांना एकत्र औषध दिले तर सरासरी काय होईल, ते कळते.

खरा प्रश्न: ऑक्सिजन न लागणारे रुग्ण

आता या चाचणीतला तो भाग, ज्यासाठी मी हे उदाहरण निवडले. रुग्ण तीन प्रकारचे होते: व्हेंटिलेटरवरचे, फक्त ऑक्सिजनवरचे, आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती असे. ऑक्सिजनवरच्या रुग्णांत गुणोत्तर ०.८२ आले, पट्टा ०.७२ ते ०.९४. म्हणजे फायदा स्पष्ट. ऑक्सिजन न लागणाऱ्यांत मात्र औषध घेतलेल्या ५०१ पैकी ८९ दगावले (१७.८ टक्के), न घेतलेल्या १०३४ पैकी १४५ (१४.० टक्के). वयाचा हिशोब धरून गुणोत्तर १.१९, पट्टा ०.९२ ते १.५५.

या पट्ट्यात १ हा आकडा येतो. म्हणजे पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा जास्त. पट्ट्यावरून हिशोब केला तर ती सुमारे ०.२ येते. जुन्या सवयीने याचे वाचन होते: “सांख्यिकीय दृष्ट्या महत्त्वाचा फरक नाही. म्हणजे सौम्य आजारात डेक्सामेथासोनने काही बिघडत नाही.” हे वाक्य उत्तरपत्रिकेत आले तर मार्क जातात, आणि प्रिस्क्रिप्शनमध्ये उतरले तर त्याहून वाईट.

पट्टा पुन्हा वाचा. एका टोकाला ०.९२ आहे: मृत्यू फार तर आठ टक्क्यांनी कमी. दुसऱ्या टोकाला १.५५ आहे: मृत्यू पंचावन्न टक्क्यांनी जास्त. मधला, म्हणजे माहितीशी सगळ्यात चांगला जुळणारा आकडा १.१९, म्हणजे नुकसानीच्या बाजूला. वयाची दुरुस्ती न करता वरच्यासारखाच साधा हिशोब केला तर शंभर रुग्णांमागे ०.२ मृत्यू कमी ते ७.७ मृत्यू जास्त असा पट्टा येतो. थोडक्यात, या गटात फायद्याला फारशी जागाच नाही आणि नुकसानीला भरपूर जागा आहे. ‘नुकसान सिद्ध झाले’ असे म्हणता येत नाही, हे खरे. पण ‘नुकसान नाही’ असे तर मुळीच म्हणता येत नाही.

आता याच्या शेजारी एक काल्पनिक चाचणी ठेवू. समजा, रिकव्हरीतल्या व्हेंटिलेटरवरच्या गटाच्या फक्त एक-दशांश रुग्णांवर चाचणी झाली असती: औषध घेतलेल्या ३२ पैकी ९ दगावले, न घेतलेल्या ६८ पैकी २८. टक्केवारी जवळपास तीच, २८ आणि ४१. पण पी-व्हॅल्यू सुमारे ०.२ येते आणि पट्टा शंभरामागे सहा जीव जास्त जाण्यापासून बत्तीस जीव वाचण्यापर्यंत पसरतो. अशा निकालावरून कोणी “औषध चालत नाही” म्हणून मोकळे झाले असते, तर एक जीव वाचवणारे औषध कचऱ्यात गेले असते.

दोन्हीकडे पी सुमारे ०.२. एकीकडे पट्टा म्हणतो, ‘फायद्याची आशा मोठी आहे, पण रुग्ण फार थोडे, मोठी चाचणी करा.’ दुसरीकडे पट्टा म्हणतो, ‘फायदा फारसा संभवत नाही, सावध राहा.’ पी-व्हॅल्यूने दोन्ही निकालांवर एकच शिक्का मारला: ‘नॉट सिग्निफिकंट’. म्हणून १९८६ मध्ये गार्डनर आणि ऑल्टमन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पी-व्हॅल्यूपेक्षा कॉन्फिडन्स इंटरव्हल देण्याचा आग्रह धरला. पुढे वैद्यकीय नियतकालिकांत ती रीत बऱ्यापैकी रुजली.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे काय झाले, ते अनेकांनी जवळून पाहिले. ऑक्सिजन ९७-९८ असताना, तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच घरोघरी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. शेजाऱ्याला दिलेली चिठ्ठी व्हॉट्सॲपवर फिरत दुसऱ्याच्या घरी पोहोचली. ‘डेक्सामेथासोनने जीव वाचतात’ एवढाच अर्धा निकाल पोहोचला होता. ऑक्सिजन न लागणाऱ्यांचा ०.९२ ते १.५५ हा पट्टा कोणाच्या फॉरवर्डमध्ये नव्हता. स्टेरॉइडने रक्तातली साखर वाढते आणि प्रतिकारशक्ती दबते; त्याच काळात म्युकरमायकोसिसचे जे रुग्ण आले, त्यांच्यात अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर या दोन गोष्टी मोठ्या प्रमाणात आढळल्या. सौम्य कोविडमध्ये स्टेरॉइड देऊ नये, ही मार्गदर्शक सूचना तेव्हाही होती. तिच्यामागचा एक मोठा आधार हाच तिसरा गट होता.

हाच प्रश्न पेपरात आला तर

समजा प्रश्न असा आहे: “एका चाचणीत सापेक्ष धोका १.१९, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.९२ ते १.५५. अर्थ स्पष्ट करा.” घरात विद्यार्थी असेल तर पुढचा भाग त्याला वाचायला द्या.

“पट्ट्यात शून्य नाही, म्हणून निकाल महत्त्वाचा आहे” हे उत्तर दर वर्षी कोणीतरी लिहितेच. गुणोत्तर असेल तेव्हा ‘परिणाम नाही’ याचा आकडा १ असतो. फरक, म्हणजे वजाबाकी असेल तेव्हा तो ० असतो. आधी आपल्यापुढे गुणोत्तर आहे की फरक, हे पाहायचे. १.१९ हे गुणोत्तर आहे, पट्ट्यात १ आहे, म्हणून ५ टक्के पातळीवर निकाल महत्त्वाचा ठरत नाही. एवढे लिहिले की अर्धे उत्तर झाले.

उरलेल्या अर्ध्यात विद्यार्थी लिहितात, “म्हणून नल हायपोथिसिस स्वीकारले.” इथे शब्द जपून वापरा. “नल हायपोथिसिस नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही” असे लिहा. कोर्टात पुराव्याअभावी सुटका होणे म्हणजे निर्दोष असल्याचे सिद्ध होणे नव्हे, तसेच हे. मग पट्ट्याची दोन्ही टोके शब्दांत मांडा: ही माहिती मृत्यूत ८ टक्के घटीपासून ५५ टक्के वाढीपर्यंतच्या परिणामांशी सुसंगत आहे, महत्त्वाचे नुकसान नाकारता येत नाही. हे शेवटचे वाक्य बहुतेक उत्तरांत नसते, आणि तपासणाऱ्याला समज दिसते ती त्याच वाक्यात.

पी-व्हॅल्यूची व्याख्या लिहिताना ‘नल हायपोथिसिस खरे असेल तर’ या शब्दांनी सुरुवात करा आणि ‘एवढा किंवा याहून टोकाचा निकाल’ हे शब्द गाळू नका. या दोन तुकड्यांपैकी एक जरी राहिला तरी व्याख्या अपुरी. आणि ०.०५ ही निसर्गाने आखलेली रेषा असल्यासारखे लिहू नका. १९२५ च्या आपल्या पुस्तकात रोनाल्ड फिशर यांनी सोयीची म्हणून ती वापरली आणि पुढे तिची सवय झाली. पी ०.०४९ आणि ०.०५१ यांच्यात पुराव्याचा नाव घेण्यासारखा फरक नसतो.

आणखी एक चूक थोडी वरच्या पायरीची आहे. दोन गटांचे पट्टे एकमेकांवर चढतात, म्हणून त्यांच्यात फरक नाही, असे लिहिले जाते. पट्टे थोडे एकमेकांवर चढले तरी फरक महत्त्वाचा असू शकतो. तुलना करायची तर फरकाचाच पट्टा काढावा लागतो, आपण वर व्हेंटिलेटरच्या गटात काढला तसा.

हे दोन्ही आकडे काय सांगत नाहीत

पी-व्हॅल्यू असो की कॉन्फिडन्स इंटरव्हल, दोन्ही फक्त योगायोगामुळे येणारी अनिश्चितता मोजतात. चाचणीच सदोष असेल तर दोघांनाही ते कळत नाही. औषधाच्या गटात तरुण आणि धडधाकट रुग्ण मुद्दाम घेतले, तर पट्टा अरुंद येईल, पी लहान येईल, आणि उत्तर तरीही चूक असेल. म्हणून निबंध हातात घेतल्यावर मी आधी रुग्णांची वाटणी यादृच्छिक होती का ते पाहतो, मग पट्टा, आणि पी-व्हॅल्यू सगळ्यात शेवटी.

उपगटांचेही तसेच. एका चाचणीचे तुकडे करत गेलो, वयाचे, लिंगाचे, रक्तगटाचे, तर कुठल्या ना कुठल्या तुकड्यात पी ०.०५ पेक्षा कमी येईलच. रिकव्हरीतले तीन गट मात्र निकाल पाहून पाडलेले नव्हते; श्वसनाच्या आधाराप्रमाणे वाटणी करायची हे आधीच ठरले होते. शिवाय आजार जितका गंभीर तितका फायदा जास्त, असा सरळ उतार तिन्ही गटांत दिसला. म्हणून या उपगटांवर एवढा भर देता आला. तुमच्या हातातल्या बातमीत “महिलांमध्ये विशेष गुणकारी” असे काही लिहिलेले असेल तर ते आधी ठरवलेले होते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि चाचणी ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांत झाली होती. मृत्यूचे प्रमाण किती घटले ते तिने नेमके सांगितले. पण घरी, साखर न तपासता, मधुमेह असलेल्या माणसाने हेच औषध घेतले तर काय होईल, याचे उत्तर ०.७५ ते ०.९३ या पट्ट्यात नाही. तो प्रश्न त्या चाचणीला कोणी विचारलाच नव्हता.